सुटी डाळ, पाकिटातली डाळ आणि दुकानदाराचं बिल

महिन्याच्या किराण्याचं एक साधं बिल घेऊ. सुटी तूरडाळ दोन किलो, २६० रुपये. सुटी ज्वारी दहा किलो, ४५० रुपये. एका कंपनीच्या पाकिटातली तूरडाळ एक किलो, सोयाबीन तेलाची एक पिशवी आणि पाच किलो साखर. पहिल्या दोन वस्तूंवर जीएसटी नाही, नंतरच्या तिन्हींवर ५ टक्के आहे. म्हणजे एकाच पिशवीतून घरी आलेल्या दोन तूरडाळींपैकी एक करमुक्त आणि दुसरी करपात्र. आता दुकानदाराने या सगळ्याला मिळून कोणता कागद द्यायचा?

बहुतेक ग्राहकांच्या लेखी पावती, बिल आणि टॅक्स इन्व्हॉइस ही एकाच कागदाची तीन नावं असतात. व्यापाऱ्यांमध्येही ‘माल करमुक्त आहे, मग बिल कशाला? साधी पावती दिली की झालं’ असं मानणारे पुष्कळ आहेत. उलट टोकाला, छपाईतला एकच नमुना सगळीकडे वापरणारे आहेत. मालावर कर असो वा नसो, डोक्यावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ छापलेलंच. दोन्ही चुकतात. कायद्याने या तीन कागदांना तीन वेगळी कामं दिली आहेत आणि चुकीचा कागद दिला की कुणाच्या तरी खिशातले पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

तीन कागद, तीन विधानं

साधी पावती एवढंच सांगते की अमुक माणसाकडून अमुक रक्कम मिळाली. कशाबद्दल मिळाली, हे तिच्यावर एका ओळीत असतं किंवा नसतंही. भाड्याची, देणगीची, उधारी फेडल्याची पावती अशीच असते. रक्कम पाच हजारांच्या वर गेली की तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावतात, तेही मुद्रांक कायद्यामुळे. जीएसटीशी त्याचा संबंध नाही. पावतीवरून पैशांचा व्यवहार सिद्ध होतो. माल काय होता, किती होता, कर होता की नव्हता, याबद्दल ती गप्प असते.

बिल ऑफ सप्लाय सांगतं की जीएसटीखाली नोंदणी असलेल्या या विक्रेत्याने हा माल इतक्या किमतीला विकला आणि या किमतीत ग्राहकाकडून वेगळा कर घेतलेला नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१ नुसार करमुक्त माल विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने टॅक्स इन्व्हॉइसच्या जागी हेच द्यायचं असतं. नियम ४९ मध्ये त्यावर काय हवं ते दिलं आहे : विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलाचा सलग अनुक्रमांक, जो १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, तारीख, घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याचं नाव, पत्ता व क्रमांक, मालाचं वर्णन, सूट वजा जाता किंमत, आणि सही. कराचा दर आणि कराची रक्कम यांचे रकाने या यादीत नाहीत. ते चुकून राहून गेलेले नाहीत, मुद्दामच ठेवलेले नाहीत.

टॅक्स इन्व्हॉइसचं विधान याहून मोठं आहे. हा माल करपात्र आहे, त्यावर इतका कर मी ग्राहकाकडून घेतला, तो सरकारचा आहे आणि घेणारा नोंदणीकृत असेल तर हा कर तो आपल्या कराच्या हिशेबात वजा करू शकतो, असं हा कागद म्हणतो. या वजावटीलाच व्यापारी ‘क्रेडिट’ म्हणतात. एका परीने टॅक्स इन्व्हॉइस म्हणजे सरकारी तिजोरीवर दावा सांगायचा कागद आहे. म्हणूनच तो करमुक्त मालासाठी वापरायचा नसतो.

जो दुकानदार नोंदणीकृतच नाही, तो यातला कोणता कागद देतो? गावातली भाजीवाली, छोटा भुसारवाला किंवा आपल्या शेतातला माल स्वतः विकणारा शेतकरी साधं बिल किंवा कॅश मेमो देऊ शकतो. फक्त त्यावर जीएसटी क्रमांक असता कामा नये आणि कराच्या नावाखाली एक रुपयाही लावता कामा नये. कलम ३२ ने हे स्पष्टपणे मना केलं आहे.

नोंदणी कधी लागते

फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, मग उलाढाल कोटीची असली तरी. नुसता कांदा-बटाटा किंवा नुसतं सुटं धान्य विकणारा आयुष्यभर साध्या बिलावर व्यवसाय करू शकतो. पण त्याने जोडीला तेल-साखर ठेवली की हिशेब पालटतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त माल विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे आणि ही उलाढाल मोजताना करमुक्त विक्रीही धरली जाते. इथेच बरेच जण फसतात. समजा एका भुसार दुकानात वर्षाला ३८ लाखांचं सुटं धान्य आणि ४ लाखांचं तेल-साखर विकलं जातं. दुकानदार म्हणतो, ‘माझा कराचा माल तर चारच लाखांचा.’ कायदा म्हणतो, एकूण ४२ लाख, नोंदणी करा. आणि एकदा नोंदणी झाली की त्याच्या ज्वारीलाही साधी पावती चालत नाही, बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं.

फुटकळ विक्रीसाठी एक सवलत आहे. विक्री २०० रुपयांपेक्षा कमी असेल, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नाही, तर प्रत्येकाला वेगळं बिल दिलं नाही तरी चालतं. मात्र रात्री दुकान बंद करताना अशा सगळ्या विक्रीचं एक एकत्र बिल करून ठेवावं लागतं. ‘मागितलं नाही तर’ ही अट विसरू नका. दीडशे रुपयांच्या ज्वारीचं बिल ग्राहकाने मागितलं, तर ते द्यायलाच हवं.

एकाच डाळीची दोन रूपं

आता सुरुवातीच्या त्या दोन तूरडाळींकडे येऊ. १८ जुलै २०२२ पासून धान्य, डाळी, पिठं, पोहे, गूळ अशा वस्तूंबाबत नियम बदलला. तोवर कर मुख्यतः नोंदणीकृत ब्रँडवर अवलंबून होता. त्या दिवसापासून तो पाकिटावर अवलंबून झाला. माल आधीच पाकीटबंद आहे, त्यावर वजनमापे कायद्यानुसार लागणारी माहिती छापलेली आहे आणि पाकीट २५ किलोपर्यंतचं आहे, तर ५ टक्के कर. पोत्यातून काढून तराजूवर मोजून दिलेली डाळ करमुक्त. २५ किलोपेक्षा मोठं एकच पोतं असेल तर त्यावरही कर नाही. मात्र दहा-दहा किलोची पाकिटं एका मोठ्या गोणीत भरून ती गोणी मोठी दाखवता येत नाही. आतली पाकिटं किरकोळ विक्रीची असतील तर कर लागतोच.

यातून एक गोष्ट घडते, जी ग्राहकाला बिलावर कधीच दिसत नाही. दुकानदाराने २५ किलोची पाकीटबंद, छापील डाळीची बॅग ३,००० रुपयांना घेतली आणि वर ५ टक्क्यांप्रमाणे १५० रुपये कर भरला. दुकानात आणून त्याने बॅग फोडली आणि डाळ सुटी विकली. सुटी विक्री करमुक्त आहे, म्हणून तो बिल ऑफ सप्लाय देतो. पण ज्या मालाच्या विक्रीवर कर नाही, त्याच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळत नाही. ते १५० रुपये त्याच्या खर्चात जातात, किलोमागे सहा रुपये, आणि हळूच विक्रीच्या किमतीत मिसळतात. तरीही ते सहा रुपये ‘जीएसटी’ म्हणून बिलावर वेगळे दाखवायची त्याला मुभा नाही. करमुक्त म्हणजे किमतीत कराचा अंशही नाही, असं समजणं म्हणूनच बरोबर नाही. करमुक्त म्हणजे या विक्रीवर कर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुकानाच्या इतर खर्चांनाही हाच न्याय लागतो. समजा गाळ्याचं भाडं महिन्याला १०,००० रुपये आहे आणि मालक त्यावर १८ टक्के म्हणजे १,८०० रुपये जीएसटी लावतो. दुकानाची महिन्याची ६० टक्के विक्री करमुक्त मालाची असेल, तर त्या १,८०० पैकी १,०८० रुपयांचं क्रेडिट सोडून द्यावं लागतं आणि ७२० रुपयेच वजा करता येतात. ही ६० टक्क्यांची आकडेवारी येते कुठून? बिल ऑफ सप्लायच्या बेरजेतून. महिन्याचं विवरणपत्र भरताना करमुक्त विक्रीचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहावा लागतो. करमुक्त मालाला बिल न फाडणाऱ्या दुकानदाराचा हा आकडा अंदाजाने लिहिला जातो, आणि तपासणीत अंदाज सिद्ध करता येत नाही.

मिश्र बिल कसं करायचं

पुन्हा ते किराण्याचं बिल. घरगुती ग्राहकाला ज्वारीसाठी एक कागद आणि तेलासाठी दुसरा देणं त्रासाचं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम ४६-ए आणून यावर तोडगा काढला गेला. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला करपात्र आणि करमुक्त माल एकत्र विकला, तर ‘इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’ या नावाचा एकच कागद चालतो. आपलं बिल त्यावर असं दिसेल :

सुटी तूरडाळ २६० आणि सुटी ज्वारी ४५०, मिळून करमुक्त माल ७१० रुपये. पाकिटातली तूरडाळ १५०, तेल १४० आणि साखर २१०, मिळून करपात्र माल ५०० रुपये. त्यावर केंद्राचा जीएसटी अडीच टक्के म्हणजे १२ रुपये ५० पैसे, राज्याचा तेवढाच, एकूण कर २५ रुपये. ग्राहकाने द्यायचे १,२३५ रुपये.

साखरेकडे जरा लक्ष द्या. साखर सुटी घेतली तरी तिच्यावर ५ टक्के कर आहे. पाकिटाचा नियम तिला लागत नाही, गुळाला लागतो. ‘सुटं ते करमुक्त’ असा सरसकट आडाखा बांधून चालत नाही, तो ठरावीक वस्तूंपुरताच खरा आहे.

गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर मात्र ही एकत्र कागदाची सोय संपते. समजा हाच दुकानदार एका फरसाण कारखान्याला बेसनाची ५० किलोची दहा पोती आणि तेलाचे डबे देतो. कारखान्याची जीएसटी नोंदणी आहे. बेसनाची पोती २५ किलोंहून मोठी, म्हणून करमुक्त; त्यांचं बिल ऑफ सप्लाय वेगळं. तेल करपात्र, त्याचं टॅक्स इन्व्हॉइस वेगळं. एकाच टेम्पोत माल गेला तरी कागद दोन.

चूक झाली तर पैसे कुठे जातात

आता समजा दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये वस्तू भरताना कुणीतरी ‘तूरडाळ’ अशी एकच नोंद केली आणि तिला ५ टक्के दर लावला. ज्वारीचंही तेच झालं. मग वरच्या घरगुती बिलात ७१० रुपयांच्या करमुक्त मालावर ३५ रुपये ५० पैसे जादा लागतील. दुकानदाराला वाटतं, माल करमुक्त होता, म्हणजे हे पैसे सरकारला देणं लागत नाही. कलम ७६ नेमकं याच्या उलट सांगतं. माल करपात्र असो वा नसो, कर म्हणून जे गोळा केलं ते ताबडतोब सरकारकडे भरायचं. तीन महिन्यांपुढे ते जवळ ठेवलं तर दहा हजार रुपये किंवा तेवढ्या कराइतका, यातला जो जास्त असेल तो दंड आहे. ग्राहकाने जादा भरले, दुकानदाराला काही मिळालं नाही, आणि रोजच्या शेकडो बिलांत पसरलेल्या त्या ग्राहकांना शोधून पैसे परत करणंही जमत नाही.

फरसाणवाल्याच्या बाबतीत नुकसान आणखी ठळक दिसतं. बेसनाच्या दहा पोत्यांची किंमत ४५,००० रुपये धरली आणि चुकून टॅक्स इन्व्हॉइस करून ५ टक्के लावले, तर २,२५० रुपये होतात. कारखानदार ते देऊन टाकतो, कारण क्रेडिट मिळेल असं त्याला वाटतं. पुढे तपासणीत अधिकारी विचारतो, या मालावर कर देय नव्हता, मग वजावट कशाची? वाद सुरू होतो आणि रक्कम अडकते. इथे निदान दुरुस्तीची वाट आहे. दोघेही हिशेब ठेवणारे असल्यामुळे विक्रेता क्रेडिट नोट काढून जादा कर कमी करू शकतो. त्याला मुदत असते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं गेलं तर त्या दिवसापर्यंत ती जाहीर करावी लागते.

तिसरी चूक सौम्य वाटते : करमुक्त मालाला टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं, पण कराच्या रकान्यात शून्य लिहायचं. यात कुणाकडून जादा पैसे घेतले जात नाहीत. तरीही कागद चुकीचाच, कारण तो माल करपात्र असल्याचं सांगतो, आणि महिन्याच्या विवरणपत्रात ही विक्री चुकीच्या रकान्यात जाण्याची शक्यता वाढते. अशा चुकांसाठी २५ हजारांपर्यंत सर्वसाधारण दंडाची तरतूद कायद्यात आहे. तसंच, सहज सुधारता येईल अशी आणि फसवणुकीचा हेतू नसलेली कागदोपत्री चूक असेल तर दंड करू नये, असंही कायद्यातच लिहिलं आहे. पहिल्या महिन्यात लक्षात आलेली चूक दुरुस्त होते. वर्षानुवर्षं चाललेल्या चुकीला हा बचाव पुरत नाही.

बिल ऑफ सप्लायचा दुसरा अर्थ

ग्राहकाला गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. साबण, बिस्किटं, चहा अशा करपात्र वस्तू घेतल्या तरी काही दुकानं ‘बिल ऑफ सप्लाय’ देतात. ते बरोबर असू शकतं. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असणारा व्यापारी कंपोझिशन योजनेत जाऊ शकतो. तो आपल्या करपात्र विक्रीवर एक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरतो आणि ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. वेगळा कर घ्यायचा नाही म्हणून त्याचाही कागद बिल ऑफ सप्लायच. फरक ओळखायची खूण बिलाच्या माथ्यावर असते. आपण कंपोझिशनमधले करदाते असून कर गोळा करण्यास पात्र नाही, असं त्याने तिथे लिहिलेलं असलंच पाहिजे. ही ओळ असून खाली जीएसटी लावलेला दिसला, तर ते बिल उघडउघड चुकीचं आहे.

ग्राहकाने काय पाहावं

बिल हातात आलं की आधी डोक्यावरचं नाव वाचा आणि मग कराचे रकाने पाहा. ‘बिल ऑफ सप्लाय’ असेल तर कर कुठेच नको. ‘टॅक्स इन्व्हॉइस’ किंवा मिश्र बिल असेल तर सुटी डाळ, सुटे तांदूळ, ज्वारी, भाजी यांच्यासमोर कर लागलेला नाही ना, ते बघा. नंतर जीएसटी क्रमांक. तो पंधरा अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. क्रमांक खरा आहे का, हे services.gst.gov.in या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या सोयीतून कुणालाही, लॉगिन न करता, पाहता येतं. दुकानाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आणि विक्रेता कंपोझिशनमध्ये आहे का, हे सगळं तिथे दिसतं. क्रमांकच नाही आणि कर मात्र लावला आहे, असं असेल तर तो कर देऊ नका.

कीड लागलेलं धान्य किंवा भेसळीची डाळ निघाली तर तक्रार करताना बिल ऑफ सप्लाय हा टॅक्स इन्व्हॉइसइतकाच भक्कम पुरावा आहे, कारण त्यावर विक्रेता, तारीख, माल आणि किंमत हे सारं असतं. नुसत्या ‘रुपये मिळाले’ एवढ्या पावतीने ते काम होत नाही. विकलेल्या मालाचं बिल न देणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार मानला आहे. तेव्हा ‘करच नाही तर बिल कशाला’ हे उत्तर ग्राहकाने ऐकून घेण्याचं कारण नाही.

दुकानदारासाठी सगळ्यात उपयोगी काम एका संध्याकाळचं आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमधली वस्तूंची यादी उघडा. जी वस्तू सुटी आणि पाकीटबंद अशा दोन्ही रूपांत विकता, तिच्या दोन वेगळ्या नोंदी करा : ‘तूरडाळ सुटी’, कर नाही, ‘तूरडाळ एक किलो पाकीट’, पाच टक्के. पोहे, गूळ, तांदूळ, पिठं यांचंही तसंच. घरगुती ग्राहकासाठी मिश्र बिलाचा नमुना आणि नोंदणीकृत गिऱ्हाइकासाठी दोन वेगळे नमुने ठेवा, प्रत्येकाची क्रमांकमाला वेगळी. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, ही बिलं सांभाळून ठेवावी लागतात. चुकीच्या नोंदीने काढलेली बिलंही तेवढीच वर्षं फायलीत राहतात, म्हणून यादी आजच दुरुस्त केलेली बरी.